मुलाखतीतला दिवाळीनंतरचा प्रश्न

आज एका माध्यमिक शाळेत पर्यवेक्षक पदासाठी मुलाखत देऊन आले. यवतमाळकडे परतताना एसटीत बसल्या बसल्या सगळे मनात पुन्हा घोळत होते, म्हणून झोपण्यापूर्वी लिहून ठेवते आहे. समोर संस्थेचे अध्यक्ष, सचिव आणि एक निवृत्त मुख्याध्यापक होते. सुरुवातीचे प्रश्न अनुभवाचे आणि कागदपत्रांचे होते; त्यांत दहा मिनिटे गेली. नंतर निवृत्त मुख्याध्यापकांनी विचारले, "एखादा पालक म्हणतो की गणिताचे सर शिकवतच नाहीत, आणि ते सर तुमच्यापेक्षा पंधरा वर्षांनी ज्येष्ठ आहेत. तुम्ही सर्वांत आधी काय कराल?"

हा प्रश्न माझ्या समोर प्रत्यक्ष आलेला असल्यामुळे मी तोच प्रसंग सांगितला. जानेवारी 2025 मध्ये आठवीतल्या एका मुलीचे वडील शाळेत आले आणि म्हणाले, "मॅडम, पोरीले गणितातलं काहीच येत नाही. सर शिकवतच नाहीत म्हणते." त्यांचा आवाज चढलेला होता, आणि त्यामागची काळजी खरी होती. मी त्यांना बसवून घेतले, तक्रार त्यांच्याच शब्दांत लिहून त्यांना वाचून दाखवली आणि चार दिवसांनी पुन्हा यायला सांगितले. सरांना मात्र त्या क्षणी बोलावले नाही. पालकासमोर शिक्षकाला उभे केले की तो स्वतःचा बचाव करू लागतो, आणि वर्गात काय घडले ते मग कुणालाच कळत नाही.

त्या दुपारी मी तीन वह्या शेजारी शेजारी ठेवल्या: आठवीचे हजेरीपत्रक, सरांची रोजच्या पाठांची टाचणवही आणि बदली तासिकांची नोंदवही. दिवाळीच्या सुटीनंतर डिसेंबरअखेरपर्यंत शाळेचे 34 दिवस भरले होते आणि त्यांपैकी 21 दिवस ती मुलगी गैरहजर होती. कारण शोधायला दूर जावे लागले नाही, ते कापसाच्या वेचणीचे दिवस होते. आता सरांची बाजू. त्या काळात गणिताच्या 42 तासिका अपेक्षित होत्या, प्रत्यक्षात 27 झाल्या. 20 नोव्हेंबरच्या विधानसभा निवडणुकीच्या प्रशिक्षणात आणि कामात 6 गेल्या, क्रीडास्पर्धांत 5 आणि सरांच्या रजेत 4. त्या 15 तासिकांना वर्गावर कोणीतरी शिक्षक पाठवला होता. पण नोंदवहीत बहुतेक ठिकाणी 'वाचन' किंवा 'खेळ' असे लिहिलेले होते. म्हणजे वर्ग रिकामा राहिला नाही, पण गणितही झाले नाही.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट टाचणवहीतल्या तारखांवरून कळली. 'एकचल समीकरणे' हा घटक सरांनी याच काळात 9 तासिकांत शिकवला होता आणि त्यांपैकी फक्त 2 तासिकांना ती मुलगी वर्गात होती. जानेवारीत 'चक्रवाढ व्याज' सुरू झाले. मुद्दल दिले असेल तर सूत्रात किमती भरून रास काढता येते, आणि तेवढे तिला येत होते. रास देऊन मुद्दल विचारले की समीकरण सोडवावे लागते, आणि तिथे ती अडत होती. घरी तिने त्याचाच अर्थ 'सर शिकवत नाहीत' असा सांगितला होता. वडील खोटे बोलत नव्हते आणि सरांनीही काम टाळले नव्हते. चूक आम्ही जूनमध्ये केलेल्या वार्षिक नियोजनात होती, आणि ते नियोजन ज्यांनी तपासून मंजूर केले त्यांत मीही होते.

सचिवांनी इथे थांबवून विचारले की मग नियोजन कसे करायला हवे होते. मी फळ्यावर आकडे मांडले. शिक्षण हक्क कायद्यानुसार सहावी ते आठवीसाठी वर्षाला किमान 220 दिवस शाळा भरते. आठवड्याला 7 तासिका धरल्या तर गणिताला कागदावर सुमारे 250 मिळतात. माझ्या शाळेच्या नोंदींप्रमाणे परीक्षा व चाचण्यांत 25, कार्यक्रम व स्पर्धांत 15, आणि रजा व प्रशिक्षणात 20 जातात, उरतात 190. त्यांपैकी दिवाळीनंतरच्या सहा आठवड्यांच्या सुमारे 40 तासिकांना अर्धा वर्ग शेतात असतो. पूर्ण वर्गासमोर शिकवायला खऱ्या अर्थाने 150 उरतात. आमचे घटक नियोजन मात्र 190 तासिका सारख्याच किमतीच्या धरून केलेले होते, आणि पुस्तकात जे प्रकरण पुढे ते नियोजनातही पुढे, एवढाच त्याचा क्रम होता.

मी असे सुचवले की दुसऱ्या सत्रातला क्रम बदलावा. पुढचे घटक ज्यांच्यावर फारसे अवलंबून नाहीत ते, म्हणजे सांख्यिकी आणि क्षेत्रफळ, वेचणीच्या आठवड्यांत घ्यावेत. समीकरणे हजेरी पूर्ववत झाल्यावर आणि चक्रवाढ व्याज त्यानंतर. निवृत्त मुख्याध्यापकांनी लगेच विचारले की राज्याकडून येणाऱ्या संकलित चाचणीचे काय. प्रश्न योग्य होता. पहिल्या सत्राच्या घटकांना हात लावता येत नाही, म्हणून मी बदल दुसऱ्या सत्रापुरताच ठेवला होता. मी हेही सांगितले की याने गैरहजर मुलांचे नुकसान टळत नाही. सांख्यिकी त्यांची राहतेच. फक्त एका घटकाची उणीव पुढच्या घटकात शिरत नाही आणि जानेवारीत राहिलेले भरून काढणे आठ-दहा तासिकांत शक्य होते. शिवाय बदली तासिकेला जाणाऱ्या शिक्षकासाठी गणिताच्या सरांनी सरावाची उदाहरणे आधीच कार्यालयात ठेवावीत, हेही मी जोडले.

"आणि ते सर?" अध्यक्षांनी विचारले. मी सांगितले की सरांशी दुसऱ्या दिवशी मधल्या सुटीत एकट्याने बोलले, तिन्ही वह्यांतले आकडे त्यांच्यापुढे ठेवले आणि प्रथम त्यांना वाचू दिले. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले की त्या दिवसांत वर्गात बाके रिकामी दिसत होती, पण अभ्यासक्रम मागे पडेल या धाकाने ते पुढे जात राहिले. हे त्यांना नोव्हेंबरमध्येच कुणाजवळ तरी बोलता यायला हवे होते, असे मला तेव्हाही वाटले आणि आजही वाटते. लॉगबुकात शेरा मी या बोलण्यानंतर लिहिला, आणि त्यांनी केलेली सूचना, म्हणजे समीकरणांच्या 8 जादा तासिका सकाळी परिपाठापूर्वी घेण्याची, त्यातच नोंदवली. वडील चार दिवसांनी आले तेव्हा सर आणि मी दोघेही बसलो होतो. हजेरीचा आकडा त्यांना सरांनीच सांगितला, आणि तो दोष देण्याच्या सुरात सांगितला नाही, हे मला फार मोलाचे वाटले. वडील म्हणाले, "मजूर भेटत नाही, सर. कापूस झाडावर ठेवून कसं जमन?" त्याला आमच्यापैकी कोणाजवळही उत्तर नव्हते.

शेवटचा प्रश्न सचिवांचा होता: मुलांना वेचणीला नेऊच नये म्हणून शाळा काय करील? मी दिवाळीपूर्वीच्या पालकसभेचे सांगितले. समीकरणे पुढे नेली तरी त्यांच्या 9 तासिकांच्या तारखा तिथे पालकांना लिहून द्याव्यात आणि किमान त्या दिवशी मूल शाळेत असावे एवढेच मागावे. सचिव म्हणाले, "म्हणजे बाकीचे दिवस तुम्ही सोडून दिले." मी म्हणाले की सोडलेले नाहीत, पण जे मागितले तर मिळेल तेच मी आधी मागेन. यावर ते काही बोलले नाहीत, आणि माझे उत्तर त्यांना पटले नाही असे मला दिसले. कायद्याने मूल रोज शाळेत असायला हवे, त्यांचे म्हणणे चुकीचे नाही. तरीही त्या वडिलांसमोर बसून 'रोज' हा शब्द मी कसा उच्चारणार होते, हे अजून मला सुचलेले नाही.