बेळगावचे 702 टॉर

उद्यमबागेतील एका लघुउद्योजकांनी उत्प्रेरकाचा आधार म्हणून वापरायची ॲल्युमिनाची भुकटी आमच्याकडे तपासणीसाठी दिली होती. तिचे पृष्ठफळ आणि छिद्रांचे आकारमान अहवालात द्यायचे होते. ही छिद्रे कोणत्याही साध्या सूक्ष्मदर्शकाच्या आवाक्याबाहेरची असल्यामुळे ती नत्रवायूकडून मोजून घ्यावी लागतात.

भुकटी प्रथम निर्वातात तापवून तिच्यातील ओलावा काढला, कोरडे वजन नोंदवले आणि नळी द्रवरूप नत्रात, म्हणजे सुमारे उणे 196 अंशांवर, बुडवली. मग नत्रवायू मोजून थोडा थोडा आत सोडला. आधी त्याचे रेणू पृष्ठभागावर चिकटून एक थर धरतात. त्या थराला किती वायू लागला हे ब्रुनॉअर, एमेट आणि टेलर यांच्या 1938 च्या समीकरणावरून काढता येते. एक रेणू 0.162 चौरस नॅनोमीटर जागा अडवतो असे धरले, तर एका थराच्या प्रत्येक घनसेंटीमीटर वायूमागे 4.35 चौरस मीटर पृष्ठफळ येते. पुढे दाब वाढला की नत्र छिद्रांमध्ये द्रवरूप होऊ लागतो. छिद्र जितके अरुंद, तितक्या कमी दाबाला ते भरते आणि वायू काढून घेताना तितक्याच उशिरा रिकामे होते. छिद्राचा आकार या दाबावरूनच ठरतो. मात्र येथे नुसता दाब नव्हे, तर सापेक्ष दाब p/p0 लागतो. p0 म्हणजे त्या क्षणी त्या द्रवनत्राच्या तापमानाला नत्राचा संपृक्त दाब, ज्याला नत्र छिद्रांबाहेरही द्रवरूप होतो.

त्या दिवशी संध्याकाळी यंत्रावर बसलेला विद्यार्थी म्हणाला, "सर, दाब 702 च्या वर जातच नाही. देईन तेवढा वायू आत जातोय." मी गळती असेल म्हणून जोड तपासले, काही सापडले नाही. वायू देणे थांबवून उलट दिशेची मोजणी घ्यायला सांगितली आणि घरी गेलो.

सकाळी निकाल पाहिला: पृष्ठफळ 156 चौरस मीटर प्रति ग्रॅम, छिद्रांचे आकारमान 0.78 घनसेंटीमीटर प्रति ग्रॅम, छिद्राचा व्यास 12.5 नॅनोमीटर. तिन्ही आकडे एकेकटे पाहिले तर पटण्यासारखे होते, पण एकत्र पाहिल्यावर खटकले. छिद्रे नळीसारखी मानली तर व्यास 4V/A, म्हणजे आकारमानाची चौपट भागिले पृष्ठफळ, इतका यायला हवा, आणि तो येत होता 20 नॅनोमीटर. नळीची कल्पना ढोबळ असल्यामुळे थोडा फरक मी सोडून देतो, पण इतका नाही. शिवाय सापेक्ष दाबासमोर आत गेलेल्या नत्राचा वक्र 0.92 पाशीच संपून सरळ वर चढला होता. संपृक्त दाब गाठल्यावर नत्र छिद्रांबाहेर, नळीतच साचू लागतो तेव्हा असे होते, आणि ते 1 पाशी व्हायला हवे.

तेव्हा उलगडा झाला. संपृक्त दाब मोजण्याची स्वतंत्र नळी तडकली होती म्हणून मी p0 हाताने भरला होता, आणि तो मुंबईत काम करताना वापरलेल्या जुन्या फाइलमधला 760 टॉर होता. बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे 750 मीटर उंचीवर आहे. येथे हवेचा दाब 695 टॉरच्या आसपास असतो. त्यामुळे द्रवनत्र किंचित कमी तापमानाला उकळते आणि संपृक्त दाबही त्याच बेताचा राहतो. द्रवनत्रात हवेतला ऑक्सिजन थोडा विरघळतो, म्हणून तो काही टॉर वर जातो. विद्यार्थ्याला अडलेला 702 हाच p0 होता. ज्याला मी गळती समजत होतो, ते खरे माप होते.

यंत्राने मूळ दाब जपून ठेवले होते, त्यामुळे मोजणी पुन्हा करावी लागली नाही. भुकटीतली छिद्रे 632 टॉरला रिकामी होत होती. 760 ने भागले तर सापेक्ष दाब 0.83 येतो, 702 ने भागले तर 0.90. दाबावरून व्यास काढणाऱ्या केल्विनच्या समीकरणात या गुणोत्तराचा लॉगॅरिथम भाजकात बसतो, आणि 1 जवळ आले की तो झपाट्याने शून्याकडे जातो. म्हणून एवढ्याशा फरकाने व्यास 12.5 वरून सुमारे 21 नॅनोमीटर झाला. पृष्ठफळ मात्र 156 वरून 150 वरच आले, कारण ते कमी दाबाच्या टप्प्यातून, 0.05 ते 0.30 मधून निघते आणि तिथे हीच चूक चार टक्क्यांपलीकडे जात नाही. आता 4V/A सुद्धा 20.8 येत होते. माझी खरी काळजी इथेच आहे: नुसते पृष्ठफळ कोणी दुसरीकडून तपासून घेतले असते, तर ते जवळपास जुळले असते आणि व्यासावर कोणालाच शंका आली नसती.

उद्योजकांना मी सगळे सांगितले. त्यांनी एवढेच विचारले, "मग मोठा रेणू आत शिरेल ना?" त्यांचा सगळा व्यवहार त्या व्यासावरच अवलंबून होता. 12.5 चा आकडा गेला असता, तर त्यांनी चांगला माल नाकारला असता. अहवालाच्या तक्त्यात मी एक ओळ वाढवली: संपृक्त दाब 702 टॉर, प्रत्यक्ष मोजलेला. तडकलेल्या नळीच्या जागी नवी नळी त्याच आठवड्यात बसवून घेतली.