नथीचा हिशेब: घडणावळ सुटली, फोटोंनी घोळ घातला

दाबाच्या नथीची किंमत मागच्या वेळी २५० वर अडकली होती. तुमच्यातल्या निम्म्या जणी म्हणाल्या कमी लावतेयस, उरलेल्या म्हणाल्या एवढे कोण देणार. आता आकडा ३२० झालाय, आणि कुणी "का गं इतकी?" म्हटलं तर मला तो पैशापैशाने मांडून दाखवता येतो.

माल आणि मजुरीचं गणित जमलं होतं, तरी हातात काही उरत नव्हतं. भोक सापडलं ते फोटोत. तिकडे येतेच, आधी माल उरकते.

४ मिमी शेल मोत्यांच्या सोळा इंची लडीत साधारण शंभर दाणे येतात. लड मला १८० ला पडली, पण दाणा १.८० ला पडला असं मी धरत नाही. काहींचं भोक तिरपं असतं, काहींवर डाग असतो. लडीमागे दहा दाणे बाद होतात, म्हणून दाणा २ रुपये. सराफ घट धरतात तीच ही आपली घट. एका नथीला ११ दाणे म्हणजे २२ रुपये. दोन गुलाबी आणि एक हिरवा खडा मिळून १४, २६ गेजची पॉलिशवाली पितळी तार १० आणि दाब १२. डबी, कापूस आणि पिशवी १८. झाले ७६.

घडणावळीसाठी मात्र घड्याळ लावूनच बसले. एकटी नथ केली तर तास सहज जातो. दहा एकदम घेतल्या, तारा आधीच कापून ठेवल्या आणि मोती वाट्यांत निवडून ठेवले, तर साडेसहा तासांत दहा होतात. म्हणजे नथीमागे ३९ मिनिटं. यात तारेची टोकं तपासणंही आलं. प्रत्येक नथ मी जुन्या शिफॉनच्या ओढणीवरून फिरवते. धागा अडकला की टोक बाहेर आहे, परत पक्कड लावायची. नाकाला टोचलेली नथ परत येते आणि सोबत गिऱ्हाईकही घेऊन जाते. तासाला १२० धरले तर घडणावळ ७८. सराफ बाजारात कुणी घडणावळ मागितली तर आपण निमूट देतो, मग स्वतःची लावताना का लाजायचं?

आता फोटो. मी पैठणीवर नथ ठेवून फोटो काढत होते. येवला आपल्याच जिल्ह्यात, घरात पैठणी आहे, तर वापरू या म्हटलं. दिसायचंही झकास. पण मोती आरशासारखा असतो, शेजारचा रंग उचलतो. राणी रंगाच्या पैठणीवर पांढरे मोती गुलाबी दिसतात आणि जरीजवळचे पिवळट. मग फोन घेऊन रंग सुधारत बसायचं, ते सुधारता सुधारता खड्यांचा रंग बिघडायचा. शुभ्र कागदावर ठेवलं तर फोन उजेड आपणहून कमी करतो आणि मोती राखाडी येतात. शेवटी फिकट राखाडी हातकागद, उत्तरेची खिडकी आणि काचेवर चिकटवलेला बटर पेपर यावर जमलं. बटर पेपरमुळे मोत्यात खिडकीच्या गजांची सावली उमटत नाही. नथीवर बोट दाबून फोनमध्ये उजेड थोडा वर घेतला की पांढरा पांढराच राहतो. पैठणीवरचा एक फोटो शेवटी ठेवते, हौस म्हणून. रंग बघायचा तो पहिल्याच फोटोत.

फोटो, निवड आणि वर्णन मिळून एका डिझाइनला दोन तास जातात, म्हणजे २४० रुपये. हा खर्च मी आजवर कुठेच धरत नव्हते. दहा नथींवर वाटला की नथीमागे २४. पण हे वाटणं तेव्हाच चालतं जेव्हा दहाही नथी फोटोसारख्या असतात. शेल मोती एकसारखे असतात, म्हणून चालतं. गोड्या पाण्यातल्या मोत्यांत प्रत्येक दाणा वेगळा, एखादा बटाट्यासारखा, एखाद्यावर वळी. तिथे प्रत्येक नथीचा फोटो वेगळा काढावा लागतो. वर काहींचं भोक इतकं बारीक की २६ ची तार जात नाही, हिऱ्याच्या कणांच्या सुईने पाण्यात धरून मोठं करावं लागतं. त्या नथीचा हिशेब ५५० च्या आसपास जातो, आणि त्यात मोत्यांच्या भावापेक्षा माझ्या वेळेचा वाटा मोठा आहे.

शेलच्या नथीवर परत येते. माल ७६, घडणावळ ७८, फोटो २४, हत्यारांची झीज आणि तुटलेली तार ८. बेरीज १८६. त्यावर वीस टक्के नफा, म्हणजे २२३. घरून विकायला हे पुरे. पण कॉलेज रोडच्या एका बुटिकने नथी ठेवायची तयारी दाखवली, त्यांचा वाटा विक्रीच्या तीस टक्के. २२३ मध्ये तीस टक्के मिळवले तर २९० होतात, आणि २९० चे तीस टक्के गेले की हातात २०३ च. म्हणून ०.७ ने भागायचं: ३१९, धरा ३२०. घरूनही हाच भाव ठेवणार, नाहीतर बुटिकमध्ये बघून गेलेली बाई मला फोन करेल आणि बुटिकवाल्या ताई माझ्या नथी परत पाठवतील.

शेजारच्या काकू म्हणाल्या, "मेन रोडला दीडशेला मिळते." मिळते, खरंय. तिच्याशी भावात भिडण्यात अर्थ नाही, वर्णनात फरक दिसला पाहिजे.

आणि वर्णन लिहायला बसले तिथेच नवी कटकट. नवीन लड "शेल" म्हणून आली, बाजारातल्या एका दुकानातून, नाव घेत नाही. भिंगाखाली भोकाच्या कडेला लेप सोललेला आणि आत चकचकीत, आरपार काच. शेलचा गाभा दुधी आणि मंद दिसतो, तो काचेसारखा चमकत नाही. दातावर घासून हे कळणार नाही, कारण खरा मोती खरखरीत लागतो पण शेल आणि काच दोन्ही गुळगुळीत. भोकच बघायचं. ती लड परत घेत नाहीत, म्हणून तिच्या नथी "काचेचे मोती" असंच लिहून २५० ला काढणार. लेप सुटतो म्हणून अत्तर आणि घामापासून जपा, हेही लिहायचं.

आताचं वर्णन असं: "दाबाची नथ, नाक टोचलेलं नसलं तरी चालते. शेल मोती, म्हणजे शिंपल्याच्या गाभ्यावर मोत्यासारखा दिसणारा लेप. नैसर्गिक मोती नाहीत. पितळी तार, सोनेरी पॉलिश. उंची २८ मिमी, वजन ४ ग्रॅम." उंची लिहिल्यापासून "फोटोत मोठी वाटली होती" हे वाक्य ऐकलेलं नाही.

हे लिहिता लिहिता बेत बदलला. गोड्या पाण्याच्या नथींची बॅच करायची होती, ती रद्द. ऑर्डर आली की एकच करायची, तिचाच फोटो पाठवायचा, पसंत पडली तर पैसे. बाद दाण्यांतले बरे दाणे बुगडीच्या खालच्या ओळीत खपतात का ते बघते, तिथे तिरपं भोक झाकलं जातं. बुगडीचं घड्याळ उद्यापासून लावणार. कुणी २८ गेजच्या तारेवर दाबाची नथ केली असेल तर सांगा, ती वाकते का, कारण तसं जमलं तर सुईचं काम वाचेल आणि ५५० चा आकडा खाली येईल.