इंटर्नना ईसीजी वाचायला शिकवताना: पी वेव्ह मोजण्याचा अनुभव

मेडिसिनच्या वॉर्डात नव्या इंटर्नच्या हाती ईसीजी दिला की बहुतेक जण आधी एसटी सेगमेंट बघतात. हार्ट अटॅक सुटू नये ही धास्ती असते आणि ती रास्तही आहे. पण तेवढ्यात ऱ्हिदम बघायचा राहून जातो. म्हणून मी प्रत्येक तुकडीला एकच क्रम शिकवते आणि तो मोठ्याने बोलत, कागदावर बोट ठेवून करायला लावते: कागद, वेग, लय, क्यूआरएसची रुंदी, पी वेव्ह आणि शेवटी पी व क्यूआरएस यांचं नातं. एसटी आणि टी त्यानंतर.

पूर्वी मी पी वेव्हपासून सुरुवात करायचे, कारण हृदयात विजेचा प्रवास तिथूनच सुरू होतो. शिकवताना ते सोयीचं ठरलं नाही. पी लहान असते, कंप किंवा हलती बेसलाइन असली की दिसत नाही, आणि मुलं पहिल्याच पायरीवर अडकतात. क्यूआरएस मात्र खराब कागदावरही सापडतं. आधी ते पक्कं केलं की पी शोधायला आधार मिळतो.

कागद बघायचा म्हणजे नाव आणि वेळ तर बघायचीच, शिवाय मशीनचा वेग 25 मिमी प्रति सेकंद आहे ना आणि कॅलिब्रेशनचा खांब दोन मोठे चौकोन, म्हणजे 10 मिमी, उंच आहे ना हेही बघायचं. या वेगाला लहान चौकोन 0.04 सेकंदाचा आणि मोठा 0.20 सेकंदाचा असतो. कोणाचा हात चुकून लागून वेग 50 झाला असेल, तर 80 चा पल्स कागदावर 40 वाटतो, क्यूआरएस दुप्पट रुंद दिसतं आणि पीआर लांबलेला भासतो. धडधाकट माणसाला हार्ट ब्लॉक ठरवायला एवढं पुरतं. याच पायरीला लीड वन आणि एव्हीआर बघून घ्यायचे. लीड वनमध्ये पी, क्यूआरएस, टी सगळंच उलटं आणि एव्हीआरमध्ये सरळ असेल, तर बहुधा हातांच्या तारा अदलाबदल झाल्यात. त्या नीट लावून ईसीजी पुन्हा काढायचा.

ठोक्यांचा वेग मोजायला दोन आर वेव्हमधले लहान चौकोन मोजून 1500 ला त्यांनी भागायचं. लय अनियमित असेल तर हा हिशेब फसतो, कारण कोणती जोडी निवडली त्यावर उत्तर बदलतं. मग 30 मोठे चौकोन, म्हणजे 6 सेकंद, धरून त्यातले क्यूआरएस मोजायचे आणि 10 ने गुणायचं. रुंदीची मर्यादा तीन लहान चौकोन. तेवढी किंवा त्याहून जास्त रुंदी असेल तर बहुतेक वेळा ठोका एक तर व्हेंट्रिकलमध्ये जन्मला आहे, नाही तर बंडल ब्रँचमध्ये अडखळत खाली आला आहे.

इथपर्यंत मुलं दोन-तीन दिवसांत तयार होतात. खरा वेळ जातो तो पी वेव्हमध्ये. त्यासाठी मी दर वेळी एकच पट्टी वापरते. वयस्कर रुग्ण, चक्कर येऊन दाखल, लीड टूची लांब पट्टी. मुलं क्रमाने जातात. दोन आरमध्ये 40 लहान चौकोन, म्हणजे वेग साधारण 37. लय नियमित. क्यूआरएस चार लहान चौकोन रुंद. पहिल्या क्यूआरएसच्या आधी सरळ उभी पी वेव्ह, पीआर पाच लहान चौकोन, म्हणजे 0.20 सेकंद. आणि लगेच उत्तर येतं: सायनस ब्रॅडिकार्डिया. मशीनने वर तेच छापलं असेल तर मुलं आणखी ठाम होतात.

चूक एकाच ठिकाणी झालेली असते. पीआर एकाच ठोक्याचा मोजला. मी सांगते, पुढच्या दोन ठोक्यांचाही मोजा. दुसऱ्या क्यूआरएसच्या आधीचा पीआर अकरा चौकोन निघतो. तिसऱ्याच्या आधी जवळपास पीच नाही, सगळ्यात जवळची पी सतरा चौकोन मागे एकटीच उभी आहे. चौथ्याचा पुन्हा सहा. आता मुलं म्हणतात की पीआर वाढत गेला, म्हणजे वेंकेबाख. पण वेंकेबाखमध्ये पीआर वाढत जाऊन एक ठोका गळतो, त्यामुळे आर-आर अंतर मध्येच तुटतं. इथे ते काटेकोर 40 आहे.

मग कोरा कागद घ्यायचा. त्याची कड पट्टीवर ठेवून शेजारशेजारच्या, स्पष्ट दिसणाऱ्या दोन पी वेव्हवर पेन्सिलने खुणा करायच्या. अशी जोडी निवडणं महत्त्वाचं आहे. मधली एखादी पी लपलेली असेल तर अंतर दुप्पट येतं आणि पुढचं सगळं बिघडतं. या पट्टीत ते अंतर 17 चौकोन आहे. आता कागद सरकवत जायचं: पहिली खूण दुसऱ्या पीवर आणली की दुसरी खूण जिथे पडेल तिथे पी शोधायची. एक खूण टी वेव्हच्या उतारावर पडते, आणि नीट बघितलं तर त्या टीला इतर टींमध्ये नसलेला छोटा उंचवटा दिसतो. एक खूण तिसऱ्या क्यूआरएसवरच पडते. ती पी क्यूआरएसमध्ये बुडाली आहे. बाकीच्या पी जिथल्या तिथे सापडतात. पीचा वेग 1500 भागिले 17, म्हणजे 88. एट्रिया 88 ने आणि व्हेंट्रिकल 37 ने, दोघंही आपापल्या ठेक्यात नियमित, आणि एकमेकांशी काही संबंध नाही. हा कम्प्लीट हार्ट ब्लॉक. पहिल्या ठोक्याचा तो देखणा 0.20 चा पीआर निव्वळ योगायोग होता.

यातला एक बारकावा मी आवर्जून सांगते. पी आणि क्यूआरएस वेगवेगळे चालले म्हणजे ब्लॉकच, असं नाही. व्हेंट्रिक्युलर टॅकिकार्डियातही ते स्वतंत्र चालतात, पण तिथे क्यूआरएस पीपेक्षा जास्त असतात. ब्लॉक म्हणायचं तर पी जास्त आणि क्यूआरएस कमी हवेत, आणि पीला खाली उतरायची संधी मिळूनही ती उतरलेली नसावी. तसंच प्रत्येक दुसरीच पी गळत असेल आणि पीआर ठरलेला असेल, तर तो दोनास एक ब्लॉक. तेवढ्या पट्टीवरून तो वेंकेबाखचा की मोबिट्झ टू, हे सांगता येत नाही. लांब पट्टी काढावी लागते.

रुंद क्यूआरएस आणि 37 चा वेग म्हणजे ठोका बंडलच्या खालून येतोय. असा ठेका भरवशाचा नसतो, आणि अशा वेळी ॲट्रोपिनने बरेचदा फरक पडत नाही. म्हणून पट्टी हातात घेऊन चर्चा करत बसायचं नाही. रुग्णाला मॉनिटर लावायचा, बीपी आणि शुद्ध बघायची, 12 लीडचा ईसीजी काढायचा, पोटॅशियम पाठवायचं, आणि मेटोप्रोलॉल, डिल्टियाझेम, व्हेरापामिल, डिगॉक्सिन यातलं काही चालू आहे का हे नातेवाइकांना गोळ्यांची पाकिटं दाखवायला सांगून तपासायचं. पेसिंगचे पॅड जवळ आणून ठेवायचे.

आणि रेसिडेंटला फोन करताना नुसतं "सर, ब्रॅडिकार्डिया आहे" म्हणायचं नाही. मी मुलांकडून हे वाक्य म्हणवून घेते: "व्हेंट्रिकलचा वेग 37, नियमित, क्यूआरएस रुंद. पी 88, नियमित, क्यूआरएसशी संबंध नाही. बीपी अमुक, रुग्ण शुद्धीवर आहे. कम्प्लीट हार्ट ब्लॉक वाटतोय, तुम्ही लगेच या."