बर्डी ते खवासा: टॉर्क कुठं, हॉर्सपॉवर कुठं

माझी क्लासिक ३५०, मावसभावाची ड्यूक २००. रविवारी खवासापर्यंत जायचं ठरलं, पण तर्री-पोह्यात वेळ गेला आणि नागपूरच्या बर्डीत शिरलो तेव्हा हॉकर्सनी अर्धा रस्ता व्यापला होता.

व्हरायटी चौकापाशी भाऊ वैतागला. क्लच थोडा लवकर सोडला की त्याची गाडी बंद पडायची. मी मात्र दुसऱ्या गिअरवर, जेमतेम एक्सलरेटर देत निघत होतो. "का बे, पॉवर तर माझी जास्त आहे!"

आहे खरी. त्याची २५ हॉर्सपॉवर, माझी साधारण २०. पण माझ्या इंजिनचा २७ न्यूटन-मीटर टॉर्क ४००० आरपीएमलाच मिळतो, त्याचा १९.३, तोही ८००० ला. टॉर्क म्हणजे पान्यानं नट पिळताना लागतो तो पीळ. तोच पीळ मिनिटाला किती वेळा बसतो, हे त्यात धरलं की हॉर्सपॉवर. टॉर्कला आरपीएमनं गुणा, ढोबळमानानं ७००० नं भागा. ४००० आरपीएमला माझी गाडी १५ हॉर्सपॉवर देते. त्या आरपीएमला त्याच्या गाडीनं सगळा टॉर्क दिला असं धरलं (देत नाही), तरी ११ च होतात. त्याची २५ मिळतात १०,००० ला, आणि बर्डीत तेवढं इंजिन कोण फिरवणार?

कामठी, कन्हान मागे पडलं आणि मनसरनंतर बाजी उलटली. नव्वदच्या वेगात पुढं ट्रक आला. भावानं दोन गिअर उतरवले, आरपीएम ८००० च्या वर गेले आणि तो दिसेनासा झाला. मी पाचव्यातच मूठ पिळली. आवाज वाढला, वेग वाढेना. त्या वेगात हवाच बहुतेक ताकद खाते, आणि तिथं हिशेब हॉर्सपॉवरचा. चौथा टाकल्यावर आरपीएम चढले, थोडी ताकद हाती आली आणि ट्रक मागे पडला. पण भावासारखा नाही.

म्हणून क्लासिकवाल्यांनी ओव्हरटेकची जागा लांबची धरावी आणि गिअर आधीच उतरवावा. शहरातही टॉर्कच्या भरवशावर चौथ्यात तीसनं रेटू नये: चेन झटके देते, टाकीखालून खडखड येते, ती इंजिनची तक्रार असते. ड्यूकवाल्यांनी गर्दीत एक गिअर खालचाच ठेवावा. इंजिन ओरडतंय असं वाटेल, वाटू द्या.

समृद्धीवर दुचाकीला बंदी आहे, तिकडं वळू नका. देवलापारच्या पुढं जंगल आहे, उजेड असेपर्यंत परत फिरा. आम्ही खवासाला चहा घेऊन चारला फिरलो. बर्डी जवळ आल्यावर भावानं किल्ली पुढं केली, "आता तुझी दे." मी दिली नाही.