कंपनी बंद करताना: आभाराचं पत्र आणि पीएफची अडकलेली तारीख

भोसरीतलं आमचं पॅकेजिंगचं छोटं युनिट बंद केलं तेव्हा सगळ्यांना द्यायचं आभाराचं पत्र लगेच लिहून झालं होतं. अडलं होतं ते पीएफपाशी, आणि त्याचा राग अजून गेलेला नाही.

नोकरी सोडल्याची तारीख पीएफच्या पोर्टलवर कंपनीने भरावी लागते. ती नसेल तर नव्या नोकरीत जुना पीएफ ट्रान्सफर होत नाही. आमचं लॉगिन सल्लागाराकडे, आणि त्याचं एकच उत्तर: ‘होईल साहेब, पुढच्या आठवड्यात.’ इकडे एकाला नवीन नोकरी लागलीसुद्धा. शेवटी लॉगिन माझ्याकडे घेतलं. आधी शेवटच्या महिन्याचं चलन भरलं (पुढच्या महिन्याच्या 15 तारखेपर्यंत भरायचं असतं) आणि मग एकेकाची तारीख टाकली. ती शेवटच्या पगारपत्रकाशी ताडून पाहा. चुकली तर काही वेळा दुरुस्तीच्या संयुक्त अर्जावर कंपनीची मान्यता लागते, आणि बंद कंपनीत सही करायला कोण बसलंय? कंपनीने तारीख टाकलीच नाही, तर शेवटच्या वर्गणीनंतर दोन महिन्यांनी कर्मचारी आधार-ओटीपीने स्वतः टाकू शकतो. हे पत्रातच लिहा, बऱ्याच जणांना माहीत नसतं.

तारखा पोर्टलवर दिसल्या, तेव्हाच पत्रं वाटली. ज्याचे पैसे अडकलेत त्याच्या हातात नुसतं ‘मनःपूर्वक आभार’ ठेवणं मला पटत नव्हतं.

पत्रात प्रत्येकासाठी एक वाक्य वेगळं हवं. डिस्पॅचच्या ताईंना लिहिलं, ‘तुम्ही चलनावरचे नग गाडीत चढण्याआधी पुन्हा मोजायचात, म्हणून माल कमी आल्याची तक्रार आपल्याकडे क्वचितच आली.’ असं वाक्य पुढच्या मुलाखतीत दाखवता येतं. ‘आपण एक कुटुंब होतो’ हे वाक्य मी खोडलं, कारण कुटुंब बंद करता येत नाही.

ग्रॅच्युइटीचा आकडा हिशेबासकट द्या. मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून 26,000, नोकरी 7 वर्षं 8 महिने. सहा महिन्यांवरचा काळ पूर्ण वर्ष धरतात, म्हणून 8 वर्षं. 26,000 ला 26 ने भागून 15 ने गुणलं की 15,000, गुणिले 8, म्हणजे 1,20,000 रुपये. देय झाल्यापासून 30 दिवसांत ते द्यायचे असतात, तेव्हा नेमकी तारीख लिहा.

अनुभवपत्र वेगळ्या कागदावर, लेटरहेडवर, शाईच्या सहीने द्या. आभाराच्या पत्रात ते मिसळू नका.

आणि हो, फॉर्म 16. तो आर्थिक वर्ष संपल्यावर, जूनमध्ये द्यायचा असतो. कंपनी जानेवारीत बंद झाली तरी टीडीएसचं शेवटचं विवरण भरून फॉर्म हाती येईपर्यंत टॅन आणि त्याचं लॉगिन चालू ठेवा. कंपनीचा ईमेलही तोवर बंद करू नका, कारण कर्मचाऱ्यांच्या नव्या कंपन्यांच्या पडताळणीच्या मेल तिथेच येतात. मी पत्राच्या तळाशी माझा मोबाईल नंबरही दिला होता.