पीक कर्जाचं नवं-जुनं सावकाराकडं न जाता केलं, त्याचा माझा अनुभव

आमची लातूर जिल्ह्यात 5 एकर जमीन, 4 एकर सोयाबीन, 1 एकर तूर, आणि बोअरच्या पाण्यावर सोयाबीन निघाल्यावर 2 एकर हरभरा. 2024 च्या जूनमध्ये बँकेतून 1 लाख 10 हजार पीक कर्ज काढलं, पण ते हातात यायला दीड महिना लागला आणि त्याचं कारण सातबाराच्या इतर अधिकारात पडून राहिलेला जुना बोजा.

वडिलांनी सोसायटीचं कर्ज कधीच फेडलं होतं पण बोजा कमी करायचं राहून गेलं. सातबारा, 8अ, आधार, पॅन, पासबुक, बाकीच्या बँकांचा बेबाकी दाखला सगळी फाईल घेऊन बँकेत गेलो तर साहेबांनी सातबारा बघितला आणि बोजा उतरवून आणा म्हणाले. मग सोसायटीकडून कर्ज निल असल्याचा दाखला घेतला, तलाठ्याकडं अर्ज दिला, फेरफार धरला गेला, त्याची 15 दिवसांची नोटीस असते ती संपेपर्यंत काही होत नाही, नंतर मंडळ अधिकारी मंजूर करतात. म्हणून सांगतो, मार्चमध्येच digitalsatbara.mahabhumi.gov.in वरून 15 रुपयात सातबारा काढा आणि पिकांच्या आधी इतर अधिकाराचा रकाना वाचा. पेरणीच्या तोंडावर कळलं तर बी-खत उधारीवर घ्यावं लागतं, मला घ्यावं लागलं.

आता फेडीचं. मला बँकेनं 31 मार्च तारीख दिली होती. वेळेत भरलं की केंद्राची 3 टक्के सूट मिळते आणि वर पंजाबराव देशमुख योजनेतून राज्याची सवलत, म्हणजे 3 लाखापर्यंत व्याज शून्यावर येतं. तारीख हुकली की सवलत गेली, 1 लाख 10 हजारावर 7 टक्क्यानं वर्षाचे 7,700 रुपये होतात. आणि मुद्दल पूर्ण भरल्याशिवाय नवं कर्ज निघत नाही. आमच्या गावात बरेच जण मार्चएंडला 3 रुपये शेकड्यानं पैसे उचलून नवं-जुनं करतात, मीही दोन वर्षं केलं, आणि बँक नवं कर्ज लगेच देत नाही, मधले दोन-तीन आठवडे व्याज चालूच राहतं.

2024 चं कर्ज काढलं त्याच दिवशी वहीत लिहून काढलं की कोणता पैसा कधी येणार. सोयाबीन 28 क्विंटल झालं, ऑक्टोबरमध्ये भाव 4,100, हमीभाव 4,892 होता पण हमीभाव केंद्रावर ओलावा 12 टक्क्याच्या आत पाहिजे होता आणि पैसे कधी जमा होतील त्याचा भरवसा मला वाटला नाही. सगळं विकलं असतं तर कर्जाइतके पैसे आले असते, पण मग काढणीचं गुत्तं, मळणी, दिवाळी, हरभऱ्याचं बी कशातून करणार? म्हणून 10 क्विंटलच विकलं, 41 हजार आले, त्यातले 25 हजार काढणी-मळणीतच गेले.

उरलेलं 18 क्विंटल आठ दिवस ताडपत्रीवर वाळवलं. दाणा दाताखाली धरला की कट्ट आवाज होऊन फुटला पाहिजे, दबला तर अजून ओल आहे. मग दिवाळीनंतर बाजार समितीच्या गोदामात शेतमाल तारण योजनेत टाकलं. चालू भाव आणि हमीभाव यात जो कमी त्याच्या 75 टक्के मिळतात, मला 55,350 मिळाले, व्याज वर्षाला 6 टक्के, मुदत 6 महिने. हे पैसे घरात आणलेच नाहीत, वेगळ्या बचत खात्यात ठेवले, कारण घरात आले की कुठल्या ना कुठल्या लग्नात जातात.

जानेवारीत तूर 5 क्विंटल 7,000 नं गेली, 35 हजार त्याच खात्यात. झाले 90,350. कमी पडत होते 20 हजाराच्या आसपास, ते मार्चमध्ये 4 क्विंटल हरभरा विकून भागवले. 24 मार्चला कर्ज भरलं, शेवटच्या आठवड्यात काउंटरला गर्दी असते आणि सर्व्हर बंद पडतो म्हणून मुद्दाम आधी गेलो. निलची पावती आणि स्टेटमेंट दोन्ही घेतले.

एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात गोदामातलं सोयाबीन 4,200 नं विकलं, म्हणजे क्विंटलला शंभरच वाढले. तारणाचं मुद्दल आणि दीड हजाराच्या आसपास व्याज जाऊन हातात 18,700 राहिले. भाव वाढेल म्हणून कुणी तारण करू नये, तो पडूही शकतो. मला त्याचा उपयोग एवढाच झाला की मार्चमध्ये कुणाच्या दारात जावं लागलं नाही. नवीन कर्जाची फाईल एप्रिलमध्येच दिली, सातबारा कोरा होता, आणि पुढच्या हंगामाचं खत रोखीनं आणलं.