तीन ए रेकॉर्ड आणि एक बंद मशीन

"एका नावाला तीन ए रेकॉर्ड लावले की लोड आपोआप वाटला जातो ना? मग वेगळा लोड बॅलन्सर कशाला?"

वाटले जातात ते पत्ते, काम नव्हे. डीएनएस दर उत्तरात क्रम फिरवतं, एवढंच:

```
$ dig +short app.example.com
203.0.113.12
203.0.113.13
203.0.113.11
```

बहुतेक क्लायंट पहिला पत्ता उचलतात. पण एखादा प्रोग्राम एकदा नाव विचारून त्याच पत्त्यावर दहा हजार रिक्वेस्ट पाठवतो, तर दुसरा फक्त दोन. डीएनएसच्या लेखी दोघंही सारखेच.

हे मला नीट कळलं ते आमचं 12 नंबरचं मशीन रात्री वीज जाऊन बंद पडलं तेव्हा. डीएनएसला त्याची खबरच नव्हती, ते त्याचा पत्ता देतच राहिलं. ब्राउझर थोडं थांबून पुढच्या पत्त्याकडे वळत होते. आमची बिलिंगची स्क्रिप्ट मात्र पहिल्याच पत्त्यावर अडून बसली. उत्तर येत नसेल तर लिनक्स मूळ सेटिंगनुसार पहिलं पॅकेट पुन्हा पुन्हा पाठवतो आणि साधारण दोन मिनिटांनी हार मानतो. दर बिलामागे दोन मिनिटं!

मशीन चालू असून फक्त वेब सर्व्हर पडला असता, तर जोडणी लगेच नाकारली गेली असती आणि निदान वाट तरी बघावी लागली नसती. मला सर्वांत जास्त भीती वाटते ती तिसऱ्या प्रकाराची: वेब सर्व्हर उभा, पण मागचा डेटाबेस तुटलेला. मग जोडणी व्यवस्थित होते, उत्तरात 500 येतो आणि कोणताही क्लायंट दुसऱ्या पत्त्याकडे जात नाही. जोडणी तर झालीच आहे ना!

त्या रात्री मी 12 चा रेकॉर्ड काढला. टीटीएल 300 होता, म्हणजे पाच मिनिटांत सगळं निवळायला हवं होतं. सकाळी मशीन परत चालू केलं आणि त्याचा अ‍ॅक्सेस लॉग उघडला, तर रेकॉर्ड नसतानाही रिक्वेस्ट येतच होत्या. सुरू होताना एकदाच नाव विचारून पत्ता धरून ठेवणारा आमचाच एक जुना प्रोग्राम होता तो. टीटीएल पाळणं हे विचारणाऱ्याच्या हातात असतं, आपल्या नाही.

आता त्या नावाला दोनच ए रेकॉर्ड आहेत, दोन एचएप्रॉक्सी लोड बॅलन्सरांचे. एचएप्रॉक्सी मागच्या प्रत्येक सर्व्हरला दर दोन सेकंदांनी `/health` विचारतं. त्या पानामागे आम्ही डेटाबेसला एक खरी क्वेरी मारतो, नाहीतर तो 500 चा प्रकार सापडणारच नाही. लागोपाठ तीन वेळा चुकलं की तो सर्व्हर रांगेतून बाहेर. आणि एचएप्रॉक्सीचं मशीनच गेलं, तर `keepalived` त्याचा पत्ता दुसऱ्या मशीनवर नेतं. तो पत्ता धरून बसलेल्या जुन्या प्रोग्रामलाही मग उत्तर मिळतं.